ड्रायव्हर पाहिजे, वेळ ८ ते ८

"नमस्कार. घरच्या गाडीसाठी ड्रायव्हर पाहिजे. बाणेर. गाडी ऑटोमॅटिक. वेळ सकाळी ८ ते रात्री ८, कधीतरी थोडं मागंपुढं होईल. रविवार सुट्टी, पण गरज लागल्यास यावं लागेल. पगार १८ हजार, काम पाहून वाढवू. आधी ७ दिवस ट्रायल, पसंत पडल्यास पुढे. माणूस निर्व्यसनी, विश्वासू आणि ओळखीतला असावा. घरच्यासारखं वागवलं जाईल. फक्त गरजूंनीच संपर्क करावा."

हा मेसेज कुणा एकाचा नाही. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या तीन वर्षांत आलेल्या अशा मेसेजेसमधली वाक्यं उचलून मी तो जुळवला आहे. तुमच्याही ग्रुपवर आकडे थोडे इकडेतिकडे करून हाच मेसेज आला असणार. तो आला की दोघंतिघं अंगठा दाखवतात, एखादी मावशी "आमच्या ड्रायव्हरला विचारते" म्हणते आणि विषय संपतो. आक्षेपार्ह त्यात काही आहे असं कुणाला वाटत नाही. उलट वेळ, सुट्टी, पगार, ट्रायल सगळं लिहिलंय म्हणजे माणूस सरळ आहे, असंच वाटतं.

माझं म्हणणं असं की हा मेसेज म्हणजे त्या ड्रायव्हरचं नेमणूकपत्र आहे. दुसरं कुठलंही पत्र त्याला कधीच मिळणार नाही. आणि या पत्रातल्या चारही अटींना एक एक शेपूट आहे: "थोडं मागंपुढं", "गरज लागल्यास", "काम पाहून", "पसंत पडल्यास". चारही शेपट्या मालकाच्या हातात आहेत. मेसेज लिहिणारा दुष्ट असतो असं मी म्हणत नाही. बहुतेक वेळा तो माझ्याच वयाचा, माझ्याच धंद्यातला, आईवडिलांच्या दवाखान्याच्या फेऱ्यांना पहिल्यांदाच ड्रायव्हर ठेवणारा असतो. स्वतःचं ऑफर लेटर तो तीनदा वाचतो, नोटीस पिरियडवर एचआरशी वाद घालतो. आणि स्वतः मालक झाल्यावर मात्र त्याला चार ओळी पुरतात.

पहिली अट घेऊ, कारण बाकीच्या तिन्ही तिच्यावर उभ्या आहेत. बारा तास.

"बारा तास कुठे चालवतो? बसूनच तर असतो" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. म्हणून एका साध्या दिवसाचा हिशोब मांडू. घर बाणेरला, साहेबांचं ऑफिस खराडीला. ड्रायव्हर आठला येऊन अर्धा तास गाडी पुसतो. साडेआठला निघून पावणेदहाला खराडी. घरी गाडी लागते म्हणून रिकामी गाडी परत, पावणेअकराला बाणेर. मग सव्वाबारापर्यंत थांबणं. सव्वाबारा ते एक मुलीला शाळेतून आणणं. एक ते पावणेपाच थांबणं, त्यातच डबा खाणं. पावणेपाचला निघून सहाला खराडी. साहेबांची मीटिंग लांबते, सात वाजेपर्यंत थांबणं. सातला निघून आठ वीसला घरी.

बेरीज केली तर स्टिअरिंगवर हात होता पाच तास पस्तीस मिनिटं. गाडी पुसली अर्धा तास. आणि थांबला सव्वासहा तास. म्हणजे निम्म्याहून जास्त दिवस "बसून". मालकाच्या डोक्यात पगार साडेपाच तासांचा असतो, म्हणून अठरा हजार त्याला उदार वाटतात. ड्रायव्हरच्या हातून मात्र सव्वाबारा तास गेलेले असतात, आणि तो राहायला चिखलीकडे असेल तर बाइकवरचा जाण्यायेण्याचा वेळ वेगळाच.

थांबणं हे काम आहे की नाही, हे ठरवायला एक साधी परीक्षा आहे. त्या वेळात माणूस निघून जाऊ शकतो का? आमच्या पार्किंगमध्ये पन्नाशीचे एक ड्रायव्हर असतात, मी त्यांना काका म्हणतो. त्यांना एकदा विचारलं होतं, "काका, दुपारचे घरी का नाही जाऊन येत?" ते म्हणाले, "जायला कोण नको म्हणतंय साहेब? पण गेलो आन् तेवढ्यात फोन आला तर?" सगळं उत्तर यात आलं. किल्ली त्यांच्या खिशात आहे. "खाली या" असा फोन आला की पाच मिनिटांत गाडी लिफ्टपाशी लागली पाहिजे. त्या वेळात दुसरं भाडं मारता येत नाही, झोपता येत नाही, रेशनच्या रांगेत उभं राहता येत नाही. तो वेळ त्यांचा नाही. मालकाने तो विकत घेऊन ठेवलेला आहे, फक्त पैसे दिलेले नाहीत.

आपल्या धंद्यात हे सगळ्यांना कळतं. मी कॉलेजमधून निघून पहिल्या कंपनीत लागलो तेव्हा जवळजवळ तीन महिने बेंचवर होतो. प्रोजेक्ट नव्हतं, कोडची एक ओळ क्लायंटकडे गेली नाही, कॅन्टीनमध्ये चहा ढोसला. पगार पूर्ण आला. "तू तर बसूनच होतास" असं कुणी म्हटलं नाही, कारण कंपनीला प्रोजेक्ट आलं की लगेच माणूस हवा होता आणि त्यासाठी ती मला राखून ठेवत होती. नंतर प्रॉडक्शन सपोर्टची ऑन-कॉल ड्युटी आली. त्या आठवड्यात लॅपटॉप जवळ ठेवायचा, पंधरा मिनिटांत उत्तर द्यायचं. त्याचा वेगळा भत्ता होता, आणि आठवडाभर एकही फोन आला नाही तरी तो मिळायचा. म्हणजे राखून ठेवलेल्या वेळाला किंमत असते हे आपल्याला पाठ आहे. बेसमेंटमध्ये उतरलं की आपण ते विसरतो.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं २०११ साली घरकामगारांसाठी करार क्रमांक १८९ केला. घरच्यांसाठी गाडी चालवणारी माणसंही ही संघटना घरकामगारांत मोजते. त्या करारात थांबण्याबद्दल स्पष्ट तरतूद आहे: जो वेळ कामगाराला स्वतःच्या मर्जीनं वापरता येत नाही आणि घरातून कधी बोलावणं येईल यासाठी राखून ठेवावा लागतो, तो कामाचा वेळ धरावा, किती प्रमाणात धरायचा ते त्या त्या देशानं ठरवावं. भारतानं हा करार अजून स्वीकारलेला नाही. आपल्याकडे कामाच्या तासांचे कायदे दुकानांना, ऑफिसांना, कारखान्यांना लागतात. फ्लॅटचं दार आलं की ते थांबतात, कारण घर म्हणजे 'आस्थापना' नाही. म्हणूनच मी त्या चार ओळींच्या मेसेजच्या मागे लागलो आहे. जिथे कायदा नाही तिथे तो मेसेज हाच कायदा.

आता पगाराकडे या. अठरा हजार, आठवड्याला सहा दिवस, रोज बारा तास. आठवड्याचे ७२ तास. आपल्या कायद्यांत सर्वसाधारण हिशोब असा असतो की आठवड्याला ४८ तास हे नेहमीचं काम आणि त्यावरच्या प्रत्येक तासाला दुप्पट दर. तो इथे लावून बघू. नेहमीचे ४८ तास. वरचे २४ तास, दुप्पट दरानं ४८ तासांएवढे. एकूण ९६. म्हणजे रोज बारा तास राबणाऱ्याला आठ तासवाल्याच्या बरोबर दुप्पट पैसे मिळायला हवेत. उलटीकडून वाचलं तर बारा तासांसाठी अठरा हजार म्हणजे आठ तासांची नोकरी नऊ हजारांची, आणि उरलेले नऊ हजार ओव्हरटाइमचे. "पगार ९ हजार" असा मेसेज ग्रुपवर टाकायला कुणीही लाजेल. तोच मेसेज "वेळ ८ ते ८, पगार १८ हजार" असा लिहिला की भारदस्त दिसतो.

बाजारभावाशीही ताडून बघा. गेल्या दिवाळीत आईबाबांना नातेवाइकांकडे फिरवायला आम्ही एका दिवसासाठी बदली ड्रायव्हर बोलावला होता. आठ तासांचे नऊशे, पुढच्या प्रत्येक तासाला शंभर. म्हणजे बारा तासांचे तेराशे. महिन्यात कामाचे दिवस २६ धरले तर तेराशेच्या दरानं ३३,८०० रुपये होतात. महिन्याच्या नोकरीत रोज काम शोधायची दगदग नसते, त्यामुळे दर कमी असणार हे मला मान्य आहे. पासही रोजच्या तिकिटापेक्षा स्वस्तच पडतो. पण जवळजवळ निम्मा? आणि या सवलतीच्या बदल्यात ड्रायव्हरला जी खात्री मिळायला हवी, ती तरी मेसेजमध्ये आहे का? "पसंत पडल्यास पुढे" ही खात्री नव्हे.

सुट्टीची अट त्याहून गमतीची. रविवार सुट्टी, पण गरज लागल्यास यावं लागेल. घरच्या गाडीला सगळ्यात जास्त गरज कधी लागते? रविवारीच. लग्नं, वाढदिवस, सिंहगड, सासुरवाडी सगळं रविवारी. तेव्हा ही सुट्टी कागदावर आहे आणि तिच्यावर पहिला हक्क मालकाचा आहे. खरंच सुट्टी द्यायची असेल तर घराला ज्या वारी गाडी लागत नाही तो वार द्यावा. आणि रविवारच द्यायचा असेल तर तो मोडल्यावर काय, हे आधी लिहावं.

इथे एक बारीक हिशोब असतो, तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही. दिवसाचा पगार काढायचा कसा? अठरा हजारांना ३० ने भागलं तर ६०० येतात, २६ ने भागलं तर ६९२. ड्रायव्हर एक दिवस आला नाही की काही घरांत २६ ने भागून कापतात, आणि तो रविवारी आला की ३० ने भागून देतात. दर वेळी ब्याण्णव रुपयांचा फरक. भांडण होण्याएवढी ती रक्कम नाही आणि दोन्ही आकडे ऐकायला बरोबरच वाटतात, म्हणून हे वर्षानुवर्षं चालतं. साप्ताहिक सुट्टी धरून महिना द्यायचा असेल तर कामाचे दिवस २६च. ग्रॅच्युइटीच्या हिशोबातही महिना २६ दिवसांचाच धरतात. तेव्हा कापताना आणि देताना भागाकार एकच हवा, आणि तो आधी सांगितलेला हवा. सुट्टीच्या दिवशी बोलावलं तर दुप्पट, म्हणजे १,३८४ रुपये, किंवा त्याच आठवड्यात दुसरा वार पूर्ण मोकळा.

सुट्टीबरोबर रात्रीचाही विचार करायला हवा. "थोडं मागंपुढं" म्हणजे बहुतेकदा पुढंच. मुंबईच्या विमानतळावरून कुणाला तरी आणायचं असतं, फ्लाइट रात्री बाराची, पुण्यात पोचायला पहाटेचे चार. सकाळी आठला ड्युटी ठरलेलीच. एक्सप्रेसवेवर पेंगणारा ड्रायव्हर ओळखता येतो. त्याची गाडी लेनमध्ये हळूहळू एका बाजूला सरकते आणि मग एकदम झटक्यानं सरळ होते. वेग विनाकारण कमीजास्त होतो, बोललेलं त्याला दुसऱ्यांदा सांगावं लागतं. हे दिसलं की गाडी फूड मॉलला घेऊन त्याला अर्धा तास झोपू द्यावं. चहा पाजून भागत नाही. पण याचा खरा उपाय आदल्या दिवशी करायचा असतो. ज्या रात्री विमानतळ आहे त्या दिवशी दुपारची ड्युटी नाही आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सुट्टी. मागच्या सीटवर आपली आई झोपलेली असते, एवढं आठवलं तरी ही अट लिहायला हात जड होऊ नये.

उरली ट्रायल. तिच्याबद्दल मेसेजमध्ये एकच शब्द आहे, पैसे मिळणार की नाही ते नाही. "पसंत पडला तर पहिल्या तारखेपासून पगार धरू" असं म्हणणारी घरं मी पाहिली आहेत. पसंत पडला नाही तर सात दिवसांचे काय, हे ड्रायव्हर विचारत नाही, कारण विचारणारा माणूस 'ओळखीतला आणि विश्वासू' वाटत नाही.

मुळात सात दिवस लागतातच कशाला? ड्रायव्हर कसा आहे हे तासाभरात कळतं. आधी लायसन्स बघा, ते `DigiLocker` किंवा `mParivahan` वर खरं आहे का आणि मुदत किती आहे ते तपासा. मग गाडी बेसमेंटमधून काढायला सांगा. रॅम्पवर वळताना तो आरसे बघतो की अंदाजानं काढतो ते तिथेच दिसतं. गाडी मॅन्युअल असेल तर चढावर थांबवून पुन्हा उचलायला लावा. गाडी किती मागे येते ते बघा. गर्दीच्या रस्त्यावर पुढच्या गाडीपासून किती अंतर ठेवतो, ब्रेक शेवटी दाबतो की आधीपासून वेग कमी करत आणतो, दुचाकी आडवी आली की हॉर्नवर हात जातो की ब्रेकवर पाय, एवढं पाहिलं की झालं. शेवटी दोन खांबांमध्ये गाडी मागे घेऊन लावायला सांगा. या तासाभराचे पैसे नाही दिले तरी चालतील असं ड्रायव्हर स्वतःच म्हणतील, तरी दोनशे रुपये द्या, तो त्याचा प्रवासखर्च आहे. त्यानंतरचे सात दिवस ठेवायचेच असतील तर ते स्वभाव जुळतो का हे बघण्याचे असतात. ती परीक्षा दोन्हीकडची आहे. मालक ओरडतो का, वेळ पाळतो का, दिवसभर बसायला जागा आणि जायला संडास आहे का, हे ड्रायव्हरही बघत असतो. तेव्हा त्या दिवसांचा पगार पूर्ण, आणि नकार दिला तरी त्याच संध्याकाळी हातात.

ट्रायलमध्ये आणखी एक गोष्ट राहून जाते. अपघात ट्रायल संपायची वाट बघत नाही. गाडीच्या विम्यात मालकाला स्वतःसाठी अपघात संरक्षण घ्यावं लागतं, ते पगारी ड्रायव्हरला लागू होत नाही. त्याच्याबद्दलची मालकाची जबाबदारी विम्यात घेण्यासाठी वेगळी ओळ असते. पॉलिसीच्या पीडीएफमध्ये प्रीमियमच्या तक्त्यात `Legal Liability to Paid Driver` असं लिहिलेलं असतं आणि तिच्यापुढे साधारण पन्नास रुपये दिसतात. वर्षाचे. आत्ता फोनवर आपली पॉलिसी उघडून ती ओळ आहे का बघा. नवी गाडी घेताना 'स्वतःच चालवणार' म्हणून पुष्कळांनी ती काढलेली असते आणि पुढे ड्रायव्हर ठेवल्यावर कुणी पुन्हा बघत नाही. ड्रायव्हरला स्वतःला इजा झाली तर भरपाई मिळावी म्हणून त्याचं वेगळं अपघात संरक्षणही पॉलिसीत जोडून घेता येतं. घरच्यासारखं वागवायचं म्हणजे निदान एवढं तरी.

मग मेसेज कसा असावा? मी लिहिला असता तो असा:

"घरच्या गाडीसाठी ड्रायव्हर पाहिजे, बाणेर. वेळ सकाळी ८ ते दुपारी ५, मध्ये १ तास जेवणाची पूर्ण सुट्टी, त्या वेळात फोन नाही. थांबण्याचा वेळ कामातच धरला जाईल. पगार १८,०००, दर महिन्याच्या १ तारखेला, बँकेत. ५ नंतर प्रत्येक तासाला १७५ रुपये. रविवार सुट्टी, बोलावल्यास १,३८४ रुपये किंवा त्याच आठवड्यात बदली सुट्टी. एक दिवसाचा पगार = महिन्याचा पगार भागिले २६, कापताना आणि देताना दोन्हीकडे. रात्री ११ नंतर सुटल्यास दुसऱ्या दिवशी दुपारी १२ ला यायचं. ट्रायल ६ दिवस, पूर्ण पगारी. काम थांबवायचं असल्यास दोन्हीकडून १५ दिवस आधी सांगायचं. पहिल्या दिवसापासून विमा. बसायला जागा आणि टॉयलेट आहे."

तासाचा दर कुठून आला तेही सांगतो. रोजचे आठ तास आणि २६ दिवस म्हणजे २०८ तास. अठरा हजारांना २०८ ने भागलं की तासाला साडेशहाऐंशी. त्याची दुप्पट १७३, सुट्ट्या पैशांची कटकट नको म्हणून १७५.

आता या नव्या मेसेजनं तोच दिवस जगून बघा. पाचनंतर ड्रायव्हरनं खराडीला थांबून साहेबांना घेऊन आठ वीसला घरी यायचं, म्हणजे जवळजवळ साडेतीन तास, सहाशे रुपयांच्या आसपास. हा आकडा समोर आला की साहेब विचार करायला लागतात. मीटिंग लांबली तर ड्रायव्हरला खरंच थांबवायचं का? कॅबनं यावं का? ऑफिसमधल्या कुणाबरोबर यावं का? सकाळी गाडी रिकामी परत आणायची गरज आहे का, की मुलीसाठी शाळेची व्हॅन लावावी? हे सगळे प्रश्न आधीही होते. ते कुणी विचारले नाहीत, कारण ड्रायव्हरचा वेळ फुकट होता. फुकट मिळालेली गोष्ट माणूस उधळतो. आपण सर्व्हरचे पैसे तासावर द्यायला लागलो तेव्हाच रात्री न लागणारे सर्व्हर बंद करायला शिकलो. सव्वासहा तासांच्या थांबण्याला दर लावला की त्यातले निम्मे तास आपोआप नाहीसे होतील आणि तो माणूस संध्याकाळी पोरांचा अभ्यास घेताना सापडेल.

यावर मला ग्रुपवर मिळालेली दोन उत्तरं अशी. पहिलं: "परवडत नाही." ठीक आहे, मग चार तासांसाठी ठेवा. सकाळची फेरी आणि शाळा एवढ्यापुरता माणूस मिळतो, तो उरलेल्या वेळात दुसरं काम करू शकतो. परवडत नाही म्हणून आपण अर्धा लिटर दूध घेतो, लिटरभर घेऊन अर्ध्याचे पैसे देत नाही.

दुसरं उत्तर जास्त जड आहे: "त्यांनाच बारा तास हवे असतात. आठ तास आणि कमी पैसे म्हटलं तर येत नाहीत. आणि या पैशांत यायला दहा जण तयार आहेत." हे खरं आहे, आणि मी ते उडवून लावणार नाही. महिन्याच्या शेवटी हातात किती पडतात यावर घर चालतं, तासाच्या दरावर नाही. ज्याच्यावर कर्जाचा हप्ता आहे तो चौदा तासही म्हणेल. पण माझी मागणी तास कमी करा अशी नाहीच. ज्याला बारा तास करायचे आहेत त्यानं खुशाल करावेत, फक्त नवव्या तासापासून ते ओव्हरटाइम म्हणून मोजले जावेत. आणि दहा जण तयार आहेत म्हणून दर योग्य ठरत असेल, तर आपल्या कंपन्याही गेटबाहेर उभ्या असलेल्या फ्रेशर्सकडे बोट दाखवून तेच म्हणतात. तेव्हा आपण त्याला पिळवणूक म्हणतो, लेख लिहितो, मीम बनवतो.

"घरच्यासारखं" या शब्दाबद्दलही बोलायला हवं, कारण वाद वाढला की तोच पुढे येतो. आम्ही त्यांना काका म्हणतो, दिवाळीला कपडे देतो, मुलाच्या फीला मदत केली होती. हे सगळं चांगलंच आहे आणि ते चालू राहावं. पण काका म्हटल्यावर घरातल्या काकांशी जसं वागतो तसं वागणं आलं. घरातल्या काकांना आपण रात्री अकरापर्यंत बेसमेंटमध्ये डास मारत बसवत नाही. नातं जोडल्यानं तासांचा हिशोब मिटत नाही. उलट नातं जोडलेल्या माणसाला हिशोब मागायची लाज वाटते आणि त्या लाजेचा फायदा एकाच बाजूला होतो. म्हणून नातं जोडणाऱ्यानं हिशोब आपण होऊन, लिहून द्यावा.

असा मेसेज लिहून ठेवला की त्याचा आणखी एक उपयोग होतो. सहा महिन्यांनी "असं कधी ठरलं होतं?" हा प्रश्न आला की ड्रायव्हर फोन काढून तारखेसकट दाखवू शकतो. मालकही दाखवू शकतो. तोंडी ठरलेल्या गोष्टीत ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं ठरतं, आणि पार्किंगमध्ये मोठा आवाज कुणाचा असतो ते सांगायला नको.

पुढच्या वेळी ग्रुपवर "ड्रायव्हर पाहिजे" आलं की अंगठा दाखवण्याआधी खाली चार प्रश्न टाका. थांबण्याचे तास धरले आहेत का? सुट्टी मोडली तर काय देणार? जादा तासाचा दर किती? ट्रायल पगारी आहे का? थोडं अवघड वाटेल, मेसेज टाकणाऱ्याला रागही येईल. आमच्याकडे एकांनी रागानं "मग तुम्हीच लिहून द्या" असं म्हटलं. मी वरचा मेसेज लिहून दिला. त्यांनी त्यातलं टॉयलेटचं वाक्य आणि पंधरा दिवसांची नोटीस काढली, १७५ चे १५० केले आणि उरलेला पोस्ट केला. ट्रायल पगारी राहिली. संध्याकाळपर्यंत त्यांना तीन फोन आले.